‘मेसेज जरा लागला’ असं कुणी म्हटल्यावर

कामाची वेळ संपल्यावर आलेले फोन आणि मेसेज न घेण्याचा हक्क कर्मचाऱ्याला असावा, असं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०२५मध्ये लोकसभेत मांडलं. तेव्हापासून ऑफिसच्या मेसेजवर जी चर्चा होते ती बहुतेक वेळेबद्दलच असते. ती व्हायलाच हवी. पण ऑफिसातले संबंध बिघडतात ते पुष्कळदा मेसेजच्या सुरामुळे, आणि सूर काही कायद्यानं दुरुस्त होणार नाही. तो ज्यानं लिहिलं त्यालाच दुरुस्त करावा लागतो. तिथेच बरेच जण अडतात. काही जण वाद घालतात, काही जण दिवसभर ‘सॉरी’ म्हणत राहतात.

समजा, एका कारखान्याच्या अकाउंट्स विभागातल्या मुलीनं दहा तारखेला संध्याकाळी चौदा जणांच्या ग्रुपवर विक्री विभागातल्या वरिष्ठ सहकारी बाईंना लिहिलं : ‘ताई, इनव्हॉइसची शीट अजून आलेली नाही. उद्या ११ तारीख. माहीत आहे ना?’ घाई खरी होती. मासिक जीएसटीआर-१ भरायची मुदत ११ तारखेला संपते. ती चुकली तर ती बिलं १४ तारखेला तयार होणाऱ्या ग्राहकांच्या २बीमध्ये दिसत नाहीत आणि ग्राहकांचे फोन सुरू होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी तिला एकटीला लिहिलं : ‘कालचा मेसेज जरा उद्धट वाटला गं.’

अशा वेळी हात आपोआप जातो तो ‘अहो ताई, माझा तसा हेतू नव्हता’ या वाक्याकडे. ते खोटं नसतं. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सहभागींना काही सरळ आणि काही उपरोधिक वाक्यं समोरच्याला पाठवायला सांगितलं होतं. ईमेलमधला सूर शंभरापैकी साधारण ७८ वेळा बरोबर ओळखला जाईल, असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो ५६ वेळाच ओळखला गेला. नुसता छापा-काटा केला असता तरी ५० वेळा जमलंच असतं. तेच बोलून सांगितल्यावर मात्र ७३ वेळा जमलं. लिहिताना आपल्या कानात आपलाच आवाज असतो आणि तो मेसेजबरोबर गेला असं आपण धरून चालतो. त्या मुलीनं ‘माहीत आहे ना?’ मनात काळजीनं म्हटलं होतं. ताईंनी ते चौदा जणांच्या देखत, कोरडं वाचलं. इतकी वर्षं विक्रीचं काम केलेल्या बाईला अकरा तारीख विचारली गेली होती.

म्हणून हेतूचा खुलासा पहिल्या वाक्यात नको. तो खरा असला तरी ताईंना त्यातून ‘तुम्ही चुकीचं वाचलंत’ एवढंच ऐकू येतं. ‘नेमका कोणता शब्द लागला?’ असं विचारणंही मला पटत नाही. दुखावलेल्या माणसाकडे पुरावा मागितल्यासारखं होतं ते. आपला मेसेज आपणच परत उघडावा, नाव आपलंच आहे असं समजून वाचावा. बहुतेक वेळा जागा लगेच सापडते.

पुढं काय लिहायचं, यासाठी मला अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचे रॉय लेविकी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचं २०१६मधलं काम फार मोलाचं वाटतं. त्यांनी माफीचे सहा भाग केले आणि लोकांना कोणता भाग असला तर माफी पटते ते पाहिलं. सहा भाग असे : वाईट वाटल्याचं सांगणं, कारण देणं, चूक स्वतःकडे घेणं, पुन्हा असं होणार नाही म्हणणं, भरपाईची तयारी दाखवणं आणि क्षमा मागणं. सर्वांत वजनदार ठरलं ते चूक स्वतःकडे घेणं. त्याखालोखाल भरपाई. सर्वांत कमी उपयोगी ठरलं ते क्षमा मागणं. आपण ऑफिसात नेमकं उलटं करतो. ‘माफ करा, प्लीज राग मानू नका’ चार वेळा लिहितो आणि काय चुकलं त्याचा उल्लेखही करत नाही.

या क्रमानं त्या मुलीचं उत्तर एवढंच होतं : ‘ताई, सांगितलंत ते बरं केलंत. “माहीत आहे ना” हे मी लिहायला नको होतं, तेही सगळ्यांसमोर. सॉरी. यापुढे काही अडलं तर आधी तुम्हालाच फोन करेन. शीट आज बारापर्यंत मिळाली तर रिटर्न वेळेत जाईल.’ सॉरी एकदाच आहे आणि ते कशाबद्दल आहे हे कळतं. दिलेला शब्द पाळता येण्याजोगा आहे. शेवटच्या वाक्याबद्दल अनेकांना संकोच वाटतो. माफी मागताना कामाची आठवण कशी करायची? पण ती करावीच. सूर चुकला होता, मागणी चुकली नव्हती. अपराधीपणामुळे ‘शीट सावकाश द्या’ असं लिहिलं, तर रिटर्न तर राहीलच, वर ताईंवर मुदत चुकवल्याचा ठपका येईल.

जास्तीच्या माफीचा खरा तोटा समोरच्याला होतो. तिसऱ्या सॉरीनंतर ताईंना ‘अगं, जाऊ दे, एवढं काय’ म्हणत त्या मुलीचीच समजूत घालावी लागते. दुखावल्या त्या, आणि सांत्वनाचं कामही त्यांच्याकडेच. पुढच्या वेळी काही खटकलं तर त्या गप्प बसतील. हे मला सर्वांत जास्त नुकसानीचं वाटतं, कारण तोंडावर सांगणारी माणसं ऑफिसात आधीच थोडी असतात.

राहिला ग्रुपचा प्रश्न. मेसेज चौदा जणांनी वाचला आणि दुरुस्ती एकीलाच कळली, हे अपुरं आहे. तरीही परस्पर ग्रुपवर माफी टाकू नये. काहींना तो विषय पुन्हा निघायलाच नको असतो. ‘ग्रुपवर एक ओळ लिहू का?’ असं ताईंना विचारावं. त्या हो म्हणाल्या तर : ‘कालचा माझा मेसेज नीट शब्दांत नव्हता. ताईंची शीट आज येते आहे.’ बस. जुना मेसेज डिलीट करण्यात अर्थ नाही. व्हॉट्सॲपवर डिलीट केल्याची खूण राहते, तिच्याकडे लक्ष जास्त जातं, आणि मजकूर बदलायला पाठवल्यापासून पंधराच मिनिटं मिळतात.

जमलं की नाही ते ताईंच्या पुढच्या मेसेजांवरून कळतं. त्या पूर्वीसारखं मोकळं लिहू लागल्या, एखादी चूक दाखवू लागल्या, तर प्रकरण संपलं. उत्तरं नुसत्या ‘ओके’वर आली, साध्या कामातही साहेबांना सीसी होऊ लागलं, तर काहीतरी शिल्लक आहे. तेव्हाही पुन्हा सॉरी लिहू नये. त्यांच्या टेबलापाशी जाऊन पुढच्या महिन्याच्या शीटबद्दल बोलावं : आठ तारखेला आठवण करू का, फोनवर की मेसेजवर? लिहिलेल्या शब्दानं जे बिघडलं, त्यावर आणखी लिहिण्यापेक्षा आवाजाचा उपयोग जास्त, हे त्या ५६ आणि ७३च्या फरकातही दिसतं.

हा सगळा हिशेब कनिष्ठानं वरिष्ठाला लिहिलं तेव्हाचा आहे. साहेबांनी कनिष्ठाला असं लिहिलं असेल तर माझं मत अधिक कडक आहे. कनिष्ठ माणूस ‘मेसेज लागला’ म्हणायला धजावतो तेव्हा त्यानं बरंच पणाला लावलेलं असतं. त्याला ‘ग्रुपवर लिहू का?’ असं विचारलं तर तो संकोचानं नाहीच म्हणेल. तिथे साहेबांनी न विचारता, ज्या ग्रुपवर सुनावलं त्याच ग्रुपवर, एका ओळीत चूक आपल्याकडे घ्यावी आणि त्याच दिवशी कामाला लागावं.