चौदा ते वीस तारखेची रजा

भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याची जाहिरात माझ्या भाचीनं मला पाठवली, सोबत स्वतः लिहिलेलं अर्जाचं पत्रही. पद होतं अकाउंट्स असिस्टंटचं. पत्राची सुरुवात अशी होती: ‘मी बी.कॉम. प्रथम श्रेणीत उत्तीर्ण असून मेहनती, प्रामाणिक आणि शिकण्यास उत्सुक आहे.’

मी तिला जाहिरात पुन्हा मोठ्यानं वाचायला सांगितली. तीत या अपेक्षा होत्या: बी.कॉम., २ ते ४ वर्षांचा अनुभव, टॅली, एक्सेल, जीएसटी विवरणपत्रं, २बी जुळवणी, विक्रेत्यांकडे फोनवर पाठपुरावा, जॉबवर्क चलनांची नोंद, उत्तम संवादकौशल्य आणि दबावाखाली काम करण्याची तयारी. शेवटी एक ओळ होती: ‘दरमहा १४ ते २० तारखेदरम्यान रजा मिळणार नाही.’

“मामा, सगळ्याच जाहिराती अशाच असतात,” ती म्हणाली.

रजेची ती ओळ मात्र सगळ्या जाहिरातींत नसते. संवादकौशल्य आणि दबाव हे शब्द जुन्या जाहिरातीतून उचलले असतील. ते शाळेच्या क्लार्कलाही चालतात आणि विमा एजंटलाही. पदवी, वर्षं आणि टॅली ही चाळणी असते. त्यांच्याशिवाय अर्ज बाजूला पडतो, पण त्यांच्या जोरावर तो वरही येत नाही, कारण आलेल्या बहुतेक अर्जांत ती असतातच. रजेची ओळ अशा कुणीतरी लिहून घेतली होती, ज्याला त्या सात दिवसांत एकदा तरी चटका बसला असावा.

त्या तारखांचा अर्थ तिला ठाऊक होता, फक्त जाहिरातीशी जोडला नव्हता. दरमहा विवरणपत्र भरणारा पुरवठादार आपल्या विक्रीची माहिती जीएसटीआर-१ मध्ये ११ तारखेपर्यंत देतो. त्यावरून खरेदीदाराला १४ तारखेला २बी हा तक्ता मिळतो, आणि २० तारखेपर्यंत ३बी भरून कर चुकता करायचा असतो. पुरवठादारानं बिल चढवलंच नाही, तर ते २बीत दिसत नाही, त्या बिलावरच्या कराची वजावट त्या महिन्यात घेता येत नाही आणि तेवढी रक्कम कारखान्याला रोख भरावी लागते. म्हणून १४ तारखेला खरेदीची बिलं २बीशी ताडायची, गायब बिलांची यादी करायची आणि पुरवठादारांना फोन लावायचे. चुकलेलं बिल उशिरा चढलं, तर ते बहुधा पुढच्या महिन्याच्या २बीत येतं. तरी पाठपुरावा सोडला, तर तेही येत नाही.

आता दिसलं की २बी जुळवणी, फोनवरचा पाठपुरावा आणि रजेची अट ही एकच गरज तीनदा सांगितली आहे. वेगवेगळ्या शब्दांत परत परत येणारी गोष्ट हीच पत्राच्या पहिल्या परिच्छेदाची मानकरी.

दुसरी होती जॉबवर्क चलनं. प्लेटिंगसाठी बाहेर पाठवलेला कच्चा माल कर न भरता चलनावर जातो, पण वर्षभरात परत आला नाही तर पाठवलेल्या दिवशीच विकला असं धरून कर लागतो. टॅली येणारे पुष्कळ भेटतात, या चलनांचा मेळ ठेवलेले कमी. आमच्या भाचीनंही तो ठेवला नव्हता.

इथं मोह होतो आपल्याला जे चांगलं येतं तेच पुढे करायचा. तिचं एक्सेल उत्तम होतं आणि तिला त्यावरच एक परिच्छेद हवा होता. मी तो काढायला लावला. तिनं नव्यानं लिहिलं: ‘चिंचवडमधल्या एका सीएंच्या कार्यालयात दोन वर्षं मी तीन कारखान्यांची मिळून महिन्याला सुमारे ३०० खरेदी बिलं २बीशी ताडते. न दिसणाऱ्या बिलांची यादी १५ तारखेला तयार होते आणि पुरवठादारांना फोन मीच करते.’ दुसऱ्या परिच्छेदात: ‘जॉबवर्क चलनं स्वतंत्रपणे सांभाळलेली नाहीत, मात्र एका कारखान्याच्या गेटपासची आवक-जावक महिनाअखेरीस जुळवते.’ उणीव लपवली नाही, जवळचं काम दाखवलं. पदवी, टॅली आणि एक्सेल शेवटच्या ओळीत गेले.

हे वाचन सरकारी भरतीला लावू नका. तिथं प्रत्येक अट पात्रतेची असते आणि अर्ज ठरलेल्या नमुन्यातच भरायचा असतो. काही खासगी जाहिरातीही इतक्या साच्यातल्या असतात की त्यांत पकडायला काही सापडत नाही. तेव्हा कारखाना काय बनवतो आणि माल कुठं जातो, एवढं पाहून अंदाज बांधावा लागतो.

भाचीला फोन आला तो १३ तारखेला. मुलाखत २१ नंतर ठेवली होती.