वेल्डच्या काठावरची उडी

‘दादा, १२ मिलिमीटरच्या प्लेटचा वेल्ड आडवा कापून काठिण्य मोजलं. प्लेट २०५, वेल्ड २३०, पण दोन्हींच्या सीमेवर एकदम ४८५! रीडिंग चुकलं असेल का? ते गाळून आलेख काढू?’

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने प्रयोगशाळेतल्या टीएला, म्हणजे एम.टेक. करणाऱ्या मदतनीसाला, असा ईमेल पाठवला आहे असे समजा. प्लेट सुमारे ०.४५ टक्के कार्बन असलेल्या पोलादाची आणि इलेक्ट्रोड कमी कार्बनचा. रीडिंग गाळायचे नाही, हे खरे. पण ते लगेच मान्यही करायचे नाही.

विकर्स चाचणीत हिऱ्याचे चौकोनी टोक दाबतात आणि उमटलेल्या ठशाचे कर्ण मोजतात. १० किलोचा भार असेल, तर २०५ काठिण्याच्या जागी कर्ण सुमारे ०.३ मिलिमीटर भरतो. ठशाभोवतीचा धातू दाबाने घट्ट होतो, म्हणून पुढचा ठसा निदान तीन कर्ण दूर हवा. ठसे अर्ध्या मिलिमीटरवर घेतले असतील, तर आकडा फुगण्याची शक्यता आहे. अंतर एक मिलिमीटर असेल, ठशाचे दोन्ही कर्ण सारखे असतील आणि वेल्डच्या दुसऱ्या काठावरही तशीच उडी दिसत असेल, तर ती उडी धातूतलीच आहे.

ती येते कशी? वितळलेल्या भागाला लागून असलेली प्लेट वितळत नाही, पण हजार अंशांच्याही वर तापते. त्या तापमानाला पोलादातला कार्बन स्फटिकांत विरघळून जातो. मग आजूबाजूची थंड, जाड प्लेट ही उष्णता काही सेकंदांत ओढून घेते. कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळत नाही, तो आतच अडकतो आणि मार्टेन्साइट ही कडक, ठिसूळ रचना तयार होते. लोहार तापलेली छिन्नी पाण्यात बुडवतो तेव्हा हेच घडते. वेल्डमध्ये कार्बन कमी असल्याने तो तुलनेने मऊ राहतो, आणि दूरची प्लेट ७०० अंशांपर्यंतही न तापल्याने बदलत नाही. म्हणून आलेखात अरुंद शिखर दिसते.

खात्रीसाठी तोच तुकडा पॉलिश करून नायटलने, म्हणजे अल्कोहोलमध्ये थोडे नायट्रिक आम्ल मिसळून, चरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. ठशाच्या जागी सुईसारखी रचना दिसली की मार्टेन्साइटची साक्ष मिळाली.

या पट्ट्याची खरी भीती वेगळीच आहे. ओलसर इलेक्ट्रोडमधून आलेला हायड्रोजन तिथे साचतो आणि वेल्ड थंड झाल्यावर, कधी कधी दुसऱ्या दिवशीही, भेग पडते. म्हणून सामान्य बांधकामी पोलादांच्या वेल्डसाठी बऱ्याच मानकांत काठिण्याची मर्यादा ३५० ते ३८० च्या आसपास ठेवतात. ४८५ आले, तर पुढची प्लेट आधी सुमारे २०० अंशांपर्यंत तापवून, कोरडे केलेले इलेक्ट्रोड वापरून जोडायची आणि पुन्हा मोजायची. थंड होण्याचा वेग घटला की शिखर खाली यायला हवे.

तेव्हा आलेखात ४८५ राहू द्यावा. आकड्याशेजारी ठशांतले अंतर आणि चरलेल्या तुकड्याचे छायाचित्रही द्यावे.