१८० दिवस म्हणजे नेमके किती?

बँकेच्या ॲपमध्ये तुम्ही पासवर्ड टाकता, तेव्हा तिकडे सर्व्हरवर एक ओळ लिहिली जाते: अमुक वेळी, अमुक ठिकाणाहून, अमुक खात्यात प्रवेश झाला किंवा नाकारला गेला. या ओळींना लॉग म्हणतात. फसवणूक झाली की तपास करणारे पहिल्यांदा याच ओळी मागतात. त्यामुळे त्या ठेवाव्या तर लागतातच, पण कायमच्या ठेवता येत नाहीत. जागा संपते, आणि ग्राहकांची माहिती गरजेपेक्षा जास्त काळ पडून राहणे हाही एक धोकाच असतो.

भारतात किमान किती काळ ठेवायच्या, हे ठरलेले आहे. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. कंपन्या, सेवा पुरवणारे, डेटा सेंटर आणि सरकारी संस्था या सगळ्यांनी आपल्या संगणक यंत्रणांचे लॉग १८० दिवस सांभाळले पाहिजेत, आणि तेही भारताच्या हद्दीत, असे त्यांत म्हटले आहे. म्हणजे रोज नवा दिवस आत येतो आणि १८० दिवसांपलीकडचा बाहेर काढायला हरकत नसते. ऐकायला सोपे वाटते. पण हे काम स्वयंचलित नियमावर सोपवले की १८० या आकड्याचा अर्थ जरा बदलतो. तो कसा बदलतो, हे अनेक ठिकाणी फार उशिरा लक्षात येते.

लॉग साठवून त्यांत शोध घेण्यासाठी इलॅस्टिकसर्च ही प्रणाली पुष्कळ ठिकाणी वापरतात. तिच्या पोटात ल्युसीन नावाचे शोधयंत्र आहे. ल्युसीन एकदा लिहिलेली फाइल पुन्हा बदलत नाही. एखादी ओळ पुसायला सांगितली, तर ती ओळ ‘पुसलेली’ आहे एवढी खूण करून ठेवते. जागा मोकळी होते ती पुढे कधीतरी, अनेक फाइली एकत्र करून नव्याने लिहिल्या जातात तेव्हा. कोट्यवधी ओळी रोज अशा एकेक करून काढायच्या, तर यंत्रणेचा सगळा दम त्यातच जाईल. म्हणून लॉग वह्यांसारखे लिहिले जातात. एक वही भरली की ती मिटायची, दुसरी उघडायची, आणि मुदत संपली की अख्खी जुनी वही फेकायची. या वहीला इंडेक्स म्हणतात. अख्खा इंडेक्स काढणे म्हणजे त्याच्या फाइली सरळ डिस्कवरून उडवणे. त्याला फारसा वेळ लागत नाही.

वही कधी मिटायची आणि कधी फेकायची, हे सांगणाऱ्या नियमांना इंडेक्स लाइफसायकल मॅनेजमेंट, थोडक्यात आयएलएम, म्हणतात. २०१९ पासून ही सोय इलॅस्टिकसर्चमध्येच आहे. त्याआधी रात्री ठरावीक वेळी चालणारी वेगळी आज्ञावली हे काम करत असे. लॉगिनच्या नोंदींसाठीचा साधा नियम असा दिसतो:

```
PUT _ilm/policy/login-180
{
  "policy": {
    "phases": {
      "hot": {
        "actions": {
          "rollover": {
            "max_age": "30d",
            "max_primary_shard_size": "50gb"
          }
        }
      },
      "delete": {
        "min_age": "180d",
        "actions": { "delete": {} }
      }
    }
  }
}
```

वही ३० दिवसांची झाली किंवा ५० जीबीची झाली, यातले जे आधी घडेल तेव्हा ती मिटते. याला रोलओव्हर म्हणतात. मग १८० दिवसांनी ती जाते. आता प्रश्न असा, की हे १८० दिवस कधीपासून मोजायचे? वही उघडली तेव्हापासून नव्हे, आतल्या ओळीवरच्या तारखेपासूनही नव्हे. ते मोजले जातात वही मिटली त्या क्षणापासून.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा, एका पतसंस्थेत दोन प्रकारचे लॉग आहेत. व्यवहारांचा लॉग रोज २० जीबी भरतो, तर कर्मचाऱ्यांच्या लॉगिनचा लॉग जेमतेम ०.१ जीबी. व्यवहारांची वही अडीच दिवसांत ५० जीबी होऊन मिटते. म्हणजे तिच्यातली पहिली ओळ साधारण साडेबाऐंशी अधिक शंभर, म्हणजे १८२.५ दिवस जगते. फारसा फरक नाही. डिस्कचा हिशेबही त्यावरून करता येतो: १८२.५ गुणिले २० म्हणजे ३,६५० जीबी, आणि सुरक्षेसाठी प्रत्येक वहीची एक प्रत धरली तर ७,३०० जीबी. डिस्क ८५ टक्के भरली की इलॅस्टिकसर्च सावध होऊन तिथे नव्या प्रती ठेवायचे थांबवते. म्हणून प्रत्यक्षात ८,६०० जीबीच्या आसपास जागा हवी. भरता भरता ९५ टक्के झाली तर त्या डिस्कवरच्या इंडेक्समध्ये लिहिणेच बंद होते, आणि नेमके अडचणीच्या दिवसाचे लॉग हरवतात.

लॉगिनची वही मात्र ३० दिवसांनी, ३ जीबीची असतानाच मिटते. तिच्यातली शेवटची ओळ १८० दिवस राहते आणि पहिली २१० दिवस. नियम लिहिणाऱ्याने वयाची अट गाळून फक्त ५० जीबीची अट ठेवली असती, तर ती वही भरायला ५०० दिवस लागले असते आणि पहिली ओळ ६८० दिवस पडून राहिली असती. कागदावर मुदत १८० दिवस, प्रत्यक्षात जवळजवळ दोन वर्षे. कुठे लाल दिवा लागत नाही, कारण यंत्रणेच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नसते.

यावर ‘३० दिवस जास्त जातात ना, मग min_age १५० करू’ असा उपाय सुचतो. तो घातक आहे. पहिली ओळ १८० दिवस जगेल, पण वही मिटताना लिहिलेली शेवटची ओळ १५० दिवसांतच जाईल आणि निर्देशांचा भंग होईल. min_age हा आकडा किमान मुदतीचाच ठेवावा आणि फरक कमी करायचा तर वह्या लवकर मिटाव्यात. max_age सात दिवस केले की लॉगिनच्या ओळी १८० ते १८७ दिवस राहतात. रोज नवी वही काढणे मात्र मला पटत नाही. प्रत्येक इंडेक्स स्मृतीत जागा अडवतो. रोजच्या हिशेबाने एकाच छोट्या लॉगच्या १८० वह्या आणि तेवढ्याच प्रती होतील. आठवड्याच्या हिशेबाने २७ वह्यांत काम भागते.

नियम चालतो आहे का, हे पाहायला एक आज्ञा पुरते:

```
GET logs-login-*/_ilm/explain
```

प्रत्येक इंडेक्ससमोर त्याचे वय, टप्पा आणि पायरी दिसते. पायरीच्या जागी `ERROR` असेल तर गाडी तिथेच अडली आहे. `"managed": false` दिसले तर त्या इंडेक्सला नियम लागूच नाही. टेम्प्लेटमधून जोडलेला नियम पुढे तयार होणाऱ्या वह्यांनाच लागतो, आधीच्या वह्या तशाच राहतात. डिस्क भरण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे, आणि ते शोधायला नव्या इंडेक्सकडे नव्हे, यादीतल्या सर्वांत जुन्या इंडेक्सकडे पाहावे लागते.

उलट दिशेची चूक याहून महाग पडते. यंत्रणा दर १० मिनिटांनी नियम तपासते. 180d ऐवजी चुकून 18d टाइप झाले, तर चहा होईपर्यंत पाच महिन्यांचे लॉग गेलेले असू शकतात, आणि इथे कचरापेटी नाही. म्हणून नियम बदलताना आधी `POST _ilm/stop` देऊन सगळे थांबवावे, नवा आकडा दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्यावा, मगच `POST _ilm/start` द्यावे. शिवाय delete टप्प्यात `wait_for_snapshot` ही अट घालता येते. ठरवून दिलेल्या वेळापत्रकाने त्या इंडेक्सचा बॅकअप घेतल्याशिवाय तो पुसला जात नाही. पण मग त्या बॅकअपलाही स्वतःची मुदत द्यावी लागते. नाहीतर इकडे १८० दिवसांनी पुसलेल्या ग्राहकांच्या नोंदी तिकडे वर्षानुवर्षे तशाच राहतात.