उत्तरसूचीत फक्त 'ब' लिहून भागत नाही

अकाउंटिंगच्या व्हिडिओखाली आपण जे पर्यायी प्रश्न देतो, त्यांच्या उत्तरसूचीत प्रत्येक चुकीचा पर्याय का चुकला हे कसं लिहायचं, ते आज एका प्रश्नावर बघू.

प्रश्न: धुळ्यातल्या एका किराणा दुकानदाराने विक्रीच्या मालातून तुरडाळ घरी नेली. खरेदी किंमत 800 रुपये, विक्री किंमत 1,000 रुपये. नोंद काय? (जीएसटी धरू नका.)

अ) उचल खाते नावे, विक्री खाते जमा, 1,000
ब) उचल खाते नावे, खरेदी खाते जमा, 800
क) दुकान खर्च खाते नावे, खरेदी खाते जमा, 800
ड) नोंद नाही, कारण रोख गेली नाही

बरोबर उत्तर ब. माल मालकाकडे गेला, पण विकला गेला नाही. म्हणून तो खरेदीतून, खरेदी किमतीलाच कमी होतो.

आता चुकीचे पर्याय. प्रत्येकासाठी दोनच गोष्टी लिहा: निवडणाऱ्याच्या डोक्यात काय होतं, आणि त्याने आकडा किती बिघडतो.

अ: "माल गेला म्हणजे विक्री झाली" असं वाटलं. पण गिऱ्हाईकच नाही. स्वतःलाच माल विकून 200 रुपये नफा जास्त दिसतो.

क: घर आणि दुकान एकच धरलं. घरची डाळ दुकानाचा खर्च झाली, नफा 800 ने कमी दिसतो.

ड: रोख हलली तरच व्यवहार, असं वाटलं. खरेदीत 800 तसेच राहतात, पण वर्षअखेर माल मोजला की डाळ नसते. इथेही नफा 800 ने कमी, वर मालाची तूट दिसते.

इथे एक चूक सहज होते. "हा पर्याय घेतला तर ताळेबंद जुळणार नाही" असं कारण लिहिलं जातं. पण इथे चारही पर्यायांत ताळेबंद जुळतो! अ मध्ये नफा 200 ने वाढतो आणि उचलही 200 ने वाढते. क आणि ड मध्ये नफा 800 ने कमी, उचलही 800 ने कमी. अखेरचं भांडवल तेवढंच राहतं. बिघाड नफ्यात आहे, म्हणून स्पष्टीकरणही नफ्यावरच हवं.

तपासायची सोपी रीत सांगतो. बरोबर उत्तर हाताने झाका आणि स्पष्टीकरण वाचा. "क चूक, कारण उत्तर ब आहे" हे लगेच कोसळेल. "घरचा खर्च दुकानाच्या नफ्यातून वजा झाला" हे टिकेल. आणि एखाद्या पर्यायामागचा विचारच सांगता येत नसेल, तर तो पर्याय भरतीचा आहे, बदलून टाका.

गुगल फॉर्मवर पर्यायांचा क्रम बदलत ठेवणार असाल, तर स्पष्टीकरणात 'अ', 'क' लिहू नका. "विक्री खाते जमा करणारा पर्याय" असं लिहा. नाहीतर जळगावच्या विद्यार्थ्याचा 'क' वेगळा आणि धुळ्याच्या विद्यार्थ्याचा वेगळा निघेल.