पार्टनर निघाला, त्याचा हिस्सा किती?

होस्टेलच्या खोल्यांत दरवर्षी दोन-चार कंपन्या जन्माला येतात! "पास झालो की भोसरीत शेड घेऊ आणि जॉबवर्क सुरू करू." अशी भागीदारी सुरू करणं सोपं असतं. त्यातून बाहेर पडताना 'माझा हिस्सा किती?' या एका प्रश्नावर मैत्री तुटते. म्हणून हे गणित एकदा नीट पाहू.

समजा, अ आणि ब यांचं मशीनिंगचं छोटं वर्कशॉप आहे. दोघांची भागीदारी निम्मी-निम्मी. अ ला आता बाहेर पडायचंय. तो म्हणतो, "गेल्या वर्षीचा नफा 49 लाख. त्याची तिप्पट 147 लाख, म्हणजे माझे साडेत्र्याहत्तर." ब म्हणतो, "मशीन विकून 35 लाख येतील. बँकेचे 15 गेले की उरले 20, त्यात तुझे 10." दोघंही प्रामाणिक आहेत, आणि दोघंही चुकतायत.

पहिलं काम म्हणजे नफा साफ करणं. तीन वर्षांचा वहीतला नफा घ्या, तोही इन्कम टॅक्स आणि बँकेचं व्याज वजा करण्याआधीचा. घसारा मात्र वजा झालेलाच असू द्या, कारण झिजलेलं मशीन कधीतरी बदलावंच लागतं. आपल्या वर्कशॉपचे हे आकडे 31, 34 आणि 49 लाख आहेत. शेवटच्या वर्षात 12 लाखांची कमाई एकाच ऑर्डरची होती आणि ती पुन्हा येणार नाही. ती काढली की 37 उरतात.

आता जे खर्च वहीत नाहीत, पण खरे आहेत, ते पाहू. दोघं दिवसभर राबतात आणि पगार घेत नाहीत. त्यांच्या जागी माणसं ठेवली तर प्रत्येकी महिना 50 हजार, म्हणजे वर्षाला 12 लाख जातील. शेड ब च्या वडिलांची आहे, म्हणून भाडं नाही. बाजारभावानं ते वर्षाला 3 लाख होईल. उलट, घरच्या गाडीचा 2 लाखांचा खर्च धंद्यावर टाकलाय, तो परत मिळवायचा. थोडक्यात, दरवर्षी 13 लाख कमी करायचे. खरा नफा निघाला 18, 21 आणि 24 लाख.

अलीकडच्या वर्षाला जास्त वजन देऊन (1, 2, 3) सरासरी काढली, तर 132 भागिले 6, म्हणजे 22 लाख. कुठे 49 आणि कुठे 22! भांडण पटीवरून होतं, पण खरी तफावत इथे असते.

आता पट. तीन पट म्हणजे घेणाऱ्याचे पैसे तीन वर्षांत सुटणार, अर्थात वर्षाला 33 टक्के परतावा. बँकेच्या ठेवीपेक्षा हा कितीतरी जास्त वाटतो, पण ठेव एका गिऱ्हाइकावर अवलंबून नसते. इथे निम्म्याहून जास्त काम एकाच कंपनीकडून येतं, म्हणून अडीच पट धरू. ऑर्डर अ च्या ओळखीवर येत असतील, तर पट अजून खाली येईल, कारण तो गेला की ती ओळखही जाते. करार बारा गिऱ्हाइकांशी असते, तर तीन किंवा वर मागता आलं असतं.

22 गुणिले अडीच, 55 लाख. यातून बँकेचे 15 वजा केले की 40 उरतात. अ चे 20 लाख. या किमतीत मशीन आणि रोजच्या धंद्यात फिरणारा पैसा आलेलाच आहे. तो वर पुन्हा मिळवायचा नाही. ही चूक फार होते.

शेवटी पडताळा. मशीनचे 35, येणी आणि माल मिळून देणी वजा जाता 10 (हे ब विसरला होता), त्यातून कर्ज 15 गेलं की 30 लाख. ही तळाची किंमत. आपला आकडा 40 त्याच्या वर आहे. वरचे 10 लाख म्हणजे गुडविल. नफ्यावरून काढलेली किंमत तळाच्या खाली गेली असती, तर मशीनच्या किमतीवरच हिशेब करावा लागला असता.

नफ्याचा आकडा जीएसटी रिटर्न आणि बँकेच्या पासबुकाशी जुळतो का, तेही बघा. "वहीबाहेरची कमाई वेगळी आहे" असं कोणी म्हणालं, तर तिची किंमत शून्य धरा. जी दाखवता येत नाही, ती विकताही येत नाही.

वीस लाख ब च्या खिशात तयार नसतात, म्हणून दोन-तीन वर्षांचे हप्ते आणि व्याज लिहून घ्यावं. काहीच ठरलं नसेल आणि हिशेब न चुकवता धंदा चालू राहिला, तर 1932 च्या भागीदारी कायद्याचं कलम 37 लागू होतं. बाहेर पडलेला भागीदार त्याच्या मालमत्तेवर मिळालेल्या नफ्याचा वाटा किंवा त्याच्या हिश्श्यावर वर्षाला 6 टक्के व्याज, यातलं एक निवडू शकतो.

त्यापेक्षा किती वर्षांचा नफा, काय वजा करायचं आणि पट किती, ही तीन वाक्यं पहिल्याच दिवशी डीडमध्ये लिहा. तेव्हा कोण आधी निघणार हे दोघांनाही माहीत नसतं, म्हणून पट रास्त ठरते.