छायाचित्रातला पूल आणि सांध्यांचा हिशेब

सोबतचे छायाचित्र नीट पहा. ओढ्यावरचा हा एक साधा पादचारी पूल आहे. चालण्याच्या फळ्यांच्या दोन्ही बाजूंना लोखंडी दांड्यांचा एकेक सांगाडा उभा आहे. छपराखालच्या अशा सांगाड्याला आपल्याकडे कैची म्हणतात आणि पुस्तकात ट्रस म्हणतात. अलीकडच्या कैचीतले दांडे मोजा. ते 13 भरतील. दांडे जेथे एकमेकांना मिळतात ते सांधे मोजा. ते 8 भरतील.

पुलावर माणसे चढली की यातले काही दांडे ताणले जातात आणि काही दाबले जातात. कोणता दांडा ताणात आहे आणि कोणता दाबात, हे नुसते पाहून सांगता येत नाही, कारण छायाचित्रात सगळे दांडे सारखेच दिसतात. मात्र एक पट्टी, एक पेन्सिल आणि नववीच्या भूमितीतला काटकोन त्रिकोण एवढ्या सामग्रीवर तुम्ही प्रत्येक दांड्यातले बल काढू शकता. या रीतीला सांध्यांची रीत म्हणतात.

प्रथम सांध्यांना नावे देऊ. खालच्या ओळीत डावीकडून अ, ब, क, ड, इ असे पाच सांधे आहेत. अ आणि इ हे दोन्ही काठांवरच्या आधारांवर टेकले आहेत. वरच्या ओळीत ब च्या डोक्यावर फ, क च्या डोक्यावर ग आणि ड च्या डोक्यावर ह आहे. टोकाचे तिरपे दांडे अफ आणि हइ, मधले तिरपे दांडे फक आणि हक. उभे दांडे तीन : बफ, गक आणि डह. वरचे आडवे दांडे फग आणि गह, आणि खालचे चार आडवे मिळून तेरा पुरे होतात.

आता छायाचित्रावर पट्टी ठेवा. खालच्या दोन शेजारच्या सांध्यांतले अंतर 21 मिलिमीटर येते, कैचीची उंची 28 मिलिमीटर आणि तिरपा दांडा 35 मिलिमीटर. म्हणजे 3, 4 आणि 5 या प्रमाणातला आपला ओळखीचा काटकोन त्रिकोण. खरा पूल किती मीटर लांब आहे हे आपल्याला माहीत नाही, पण त्यावाचून अडत नाही. दांड्यांतली बले कैचीच्या आकारावर, म्हणजे बाजूंच्या प्रमाणावर ठरतात. पूल 12 मीटरचा असो की 24 मीटरचा, सांध्यांवरचा भार तोच असेल तर बलेही तीच येतील. छायाचित्रावरून हिशेब करता येतो तो याचमुळे.

अट एकच, छायाचित्र पुलाच्या मध्यासमोर उभे राहून सरळ घेतलेले हवे. तिरक्या छायाचित्रात आडवी अंतरे आखडतात आणि 3:4 हे प्रमाण बिघडते. हे ओळखायचे कसे? पलीकडची कैची पहा. तिचे दांडे पुढच्या दांड्यांच्या मानाने सगळे एकाच बाजूला सरकलेले दिसले, तर छायाचित्र तिरके घेतले आहे असे समजा.

आता भार ठरवू. ब, क आणि ड या प्रत्येक सांध्यावर या कैचीच्या वाट्याला 8 किलोन्यूटन भार येतो असे धरा. डझनभर मोठ्या माणसांचे वजन साधारण एवढे भरते. पुलाचे स्वतःचे वजन तूर्त बाजूला ठेवू. एकूण भार 24 किलोन्यूटन झाला. तो दोन्ही बाजूंना सारखा असल्यामुळे प्रत्येक आधार कैचीला 12 किलोन्यूटनने वर ढकलतो.

रीत अशी की एकेक सांधा सुटा काढून पाहायचा. सांधा स्थिर आहे, म्हणून त्याच्यावरची वरची व खालची बले सारखी हवीत, आणि डावीकडची व उजवीकडची बलेही सारखी हवीत. अशा दोन अटींतून दोनच अज्ञात बले निघतात. म्हणून जेथे दोनापेक्षा जास्त अज्ञात नाहीत अशाच सांध्यापासून सुरुवात करायची. दिशेची खूण लक्षात ठेवा : दांडा सांध्याला स्वतःकडे ओढत असेल तर दांड्यात ताण आहे, आणि सांध्याला दूर ढकलत असेल तर दांड्यात दाब आहे.

सांधा अ पासून सुरुवात करू. आधार त्याला 12 ने वर ढकलतो. अब आडवा असल्यामुळे तो याला आवर घालू शकत नाही. म्हणजे खाली रेटण्याचे काम एकट्या अफ चे. तो सांध्याला ढकलतो आहे, म्हणून त्यात दाब आहे. त्याच्या बलाचे पाच भाग केले तर उभ्या दिशेला चार भाग पडतात. चार भाग म्हणजे 12, तर पाच भाग म्हणजे 15. अफ मध्ये 15 किलोन्यूटन दाब. हा दांडा सांध्याला तीन भागांनी, म्हणजे 9 ने डावीकडेही ढकलतो. त्याला थोपवण्यासाठी अब ने सांधा 9 ने उजवीकडे ओढला पाहिजे. अब मध्ये 9 ताण.

सांधा ब सोपा आहे. तेथे 8 चा भार खाली ओढतो, आणि वर ओढणारा दांडा एकच, बफ. त्यात 8 ताण. आडव्या दिशेला अब डावीकडे 9 ने ओढतो, म्हणून बक उजवीकडे 9 ने ओढतो. बक मध्येही 9 ताण.

आता सांधा फ. अफ दाबात आहे, म्हणून तो या टोकाच्या सांध्यालाही ढकलणारच : 12 ने वर आणि 9 ने उजवीकडे. बफ सांध्याला 8 ने खाली ओढतो. वरच्या दिशेचे 4 शिल्लक राहिले. फग आडवा, तेव्हा हे 4 फक ने सांभाळायचे. फक हा फ पासून खाली उजवीकडे जातो. त्याने सांधा खाली न्यायचा म्हणजे ओढायचा. चार भाग 4, तर पाच भाग 5. फक मध्ये 5 ताण. ओढताना तो सांध्याला 3 ने उजवीकडेही नेतो. आधीचे 9 आणि हे 3 मिळून 12 झाले. त्यांना फग ने डावीकडे ढकलून थोपवले पाहिजे. फग मध्ये 12 दाब.

सांधा ग वर डावीकडून फग आणि उजवीकडून गह समोरासमोर 12 ने ढकलतात आणि एकमेकांना रद्द करतात. उरला उभा गक. सांध्यावर भार नाही आणि उभ्या दिशेचे दुसरे बलही नाही. म्हणून गक मध्ये बल शून्य! उजवा अर्धा भाग डाव्याच्या प्रतिमेसारखा असल्याने त्याची उत्तरे आपोआप मिळतात.

एक सांधा क आपण वापरलाच नाही. तो पडताळ्यासाठी. फक आणि हक त्याला प्रत्येकी 4 ने वर ओढतात, भार 8 ने खाली. जुळले. पण हा पडताळा सगळ्या चुका पकडत नाही. तुम्ही फक ची दिशा चुकवली असेल तर येथे कळेल. मात्र 3 आणि 4 या भागांची अदलाबदल केली असेल तर क तरीही जुळेल, कारण चूक दोन्ही बाजूंना सारखीच झालेली असते. त्यासाठी तरफेचा नियम वापरा. क हा टेकू समजून डावा अर्धा भाग घ्या. आधाराचे 12 गुणिले 42 मिलिमीटर, त्यातून ब वरचे 8 गुणिले 21 वजा करा. 336 उरतात. त्यांना 28 उंचीने भागले की 12. फग चे उत्तर बरोबर आहे.

आता छायाचित्रावर खुणा करा. दाबाचे दांडे तांबड्या पेन्सिलीने : अफ, फग, गह, हइ. ताणाचे निळ्या पेन्सिलीने : खालचे चारही आडवे, फक, हक, बफ आणि डह. गक कोरा ठेवा.

मग हा गक बसवलाच कशाला? याचे उत्तर लाकडी पट्टी देईल. लांब पट्टी उभी धरून वरून दाबली की ती चटकन वाकते. तीच पट्टी मध्यावर बोटांनी धरून दाबा, वाकायला पुष्कळ जास्त जोर लागतो. दाबातला सडपातळ दांडा मोडण्याआधी वाकतो, आणि त्याची लांबी निम्मी झाली तर वाकायला चौपट बल लागते. गक हा फह या लांब दांड्याला मध्यावर धरून ठेवतो आणि त्याला कैचीच्या पातळीत वर-खाली वाकू देत नाही. बाजूला वाकू नये म्हणून मात्र वेगळे आडवे बंध लागतात. ताणातल्या दांड्याला ही भीती नाही. त्याच्या जागी जाड तारही चालेल.

पण तार लावण्याआधी आणखी एक गणित करा. समजा फक्त ब वरचीच माणसे उभी राहिली आणि क व ड मोकळे झाले. आता डावा आधार 6 आणि उजवा 2 किलोन्यूटन देईल. फ वर अफ 6 ने वर ढकलतो आणि बफ 8 ने खाली ओढतो. या वेळी फक ने 2 ने वर ढकलले पाहिजे. म्हणजे ताणातला फक आता 2.5 दाबात गेला! प्रत्यक्षात पुलाचे स्वतःचे वजन फक ला ताणात ठेवते आणि बहुधा हा दाब खाऊन टाकते. तरी खात्री करावी लागते, आणि म्हणून अभियंते भाराच्या अनेक जागा धरून पुन्हा पुन्हा हिशेब करतात.

बलांचा आकडा चुकला तर काय होते हे कॅनडातल्या क्वेबेकच्या पुलाने दाखवले. सेंट लॉरेन्स नदीवर हा पूल दोन्ही काठांकडून पुढे सरकवत बांधला जात होता. अशा पुढे आलेल्या हाताला पलीकडे आधार नसतो. त्यामुळे तेथे आपल्या पुलाच्या उलट, वरचे दांडे ताणात आणि खालचे दाबात असतात. मधला गाळा 1600 फुटांवरून 1800 फुटांवर नेला, पण वाढलेल्या वजनाचा हिशेब वेळीच नव्याने केला नाही. 1907 च्या ऑगस्टमध्ये खांबाजवळचा दाबातला एक खालचा दांडा सव्वादोन इंच वाकलेला आढळला. वाकलेपण वाढत होते, तरी काम थांबले नाही. 29 ऑगस्टला दाबातले दांडे मुडपले आणि दक्षिणेकडचा सगळा सांगाडा कोसळला. त्या वेळी त्यावर असलेल्या 86 कामगारांपैकी 75 मेले.

आता छायाचित्रातल्या ज्या चार दांड्यांवर तुम्ही तांबडी खूण केली आहे, त्यांच्याकडे पुन्हा पहा. अशा पुलावर कधी गेलात तर पट्टी नसली तरी चालेल. तांबड्या खुणेच्या एका दांड्याच्या टोकाशी डोळा नेऊन त्याच्या कडेवरून नजर टाका आणि ती कड सरळ दिसते का ते पहा.