फवारणी पंपाची हमी : तक्रारीपासून बदलीपर्यंत

खर्डी परिसरात भातानंतर भेंडी घेणाऱ्या शेतकऱ्यांकडे आता बॅटरीवरील फवारणी पंप आले आहेत. ऐन फवारणीत बॅटरी बसली, की शेतकरी विक्रेत्याकडे येतो. अशा वेळी सहकारी भांडाराने काय करावे, हे एका उदाहरणाने पाहू.

समजा, भांडाराने ५ जूनच्या बिलाने पंप आणला व १० ऑगस्टला विकला. ग्राहकास बॅटरीची हमी विक्रीपासून सहा महिन्यांची, म्हणजे ९ फेब्रुवारीपर्यंत आहे. २० जानेवारीस तक्रार आली. त्याच दिवशी नोंदवहीत तक्रारीचा क्रमांक, बिलाची तारीख, पंप व बॅटरीचे अनुक्रमांक आणि ग्राहकाच्या शब्दांत दोष लिहून घ्यावा व त्यास पोच द्यावी.

नंतर प्रथम चार्जर तपासावा. बारा व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीस चार्जरकडून सुमारे १४ व्होल्ट मिळाले पाहिजेत. पुष्कळदा दोष तेथेच असतो. चार्जर ठीक असल्यास बॅटरी पूर्ण भरून दोन तास ठेवावी आणि पंप चालू करून व्होल्ट मोजावे. काही मिनिटांतच ते साडेदहाच्या खाली गेले, तर बॅटरी निकामी समजावी. मात्र ती अनेक महिने रिकामी पडून राहिल्यानेही अशीच होते व असा दोष बहुधा हमीत बसत नाही. म्हणून शेवटची भरणी केव्हा केली, हे विचारून लिहावे. दुकानातील साठाही दर तीन महिन्यांनी भरावा, नाहीतर दोष भांडाराचाच ठरतो.

दावा योग्य ठरल्यास साठ्यातून बॅटरी विनामूल्य द्यावी, नवा अनुक्रमांक मूळ बिलावर लिहावा व ग्राहकाची सही घ्यावी. हमीपत्रात वेगळे नसेल, तर नव्या बॅटरीस मूळ हमीची उरलेली मुदतच लागू होते.

जुनी बॅटरी भंगारात देऊ नये. तीच वसुलीचा पुरावा होय. तिला तक्रारीच्या क्रमांकाची चिठ्ठी बांधून बिलाची प्रत, मोजणीची नोंद व चलन यांसह पुरवठादाराकडे पाठवावी व रक्कम ‘पुरवठादाराकडून येणे’ या खाती मांडावी. बदली बॅटरी किंवा क्रेडिट नोट आल्यावरच ती नोंद मिटवावी.

येथे मुदतीची एक अडचण असते. पुरवठादाराची हमी त्याच्या बिलापासून आठ महिने असेल, तर ती ४ फेब्रुवारीस संपते. ग्राहक ६ तारखेस आला असता, तर त्याचा हक्क शाबूत राहून तोटा भांडारास सोसावा लागला असता. म्हणून खरेदीच्या वेळीच हमी ग्राहकाच्या बिलापासून मोजण्याची अट लेखी घ्यावी आणि जुना माल आधी विकावा.

पुरवठादाराने दावा नाकारल्यास कारण लेखी मागावे. तोपर्यंत ग्राहकास ताटकळत ठेवू नये; त्याचा व्यवहार भांडाराशी झालेला असतो. तरीही दाद न मिळाल्यास ग्राहकास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार करता येते.